देवळातली पाटी टाइप करताना: ओळी दगडाच्या, खुणा आपल्या

पाटीवर रंगवलेलं साल शके १८११ आहे. कोरलेलं साल १८१२ आहे. गिरगावातल्या एका वाडीत, गणपतीच्या छोट्या देवळात, गाभाऱ्याच्या दाराशेजारी ही संगमरवरी पाटी बसवलेली आहे. रुंदी दीड फुटाच्या आसपास, मजकूर सहा ओळींचा. कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरलेला आहे आणि तो कधीतरी पुन्हा भरला गेलाय. झिजलेल्या आकड्याच्या जागी रंगाऱ्याला जे वाटलं ते त्याने रंगवलं. त्यानंतर पाटीचा फोटो पाहून टाइप करणारा प्रत्येक जण १८११ लिहीत राहिला.

हीच पाटी टाइप करत करत पद्धत सांगतो. मुंबईतल्या जुन्या वाड्यांत आणि देवळांत दीडशे-दोनशे वर्षांतल्या ज्या मराठी पाट्या दिसतात, त्यांतल्या बहुतेकांना ती चालते. तुम्हाला लागेल एक फोन, एक टॉर्च आणि मराठी टाइप करता येईल असा कुठलाही संगणक.

फोटो: उजेड तिरका हवा

आधी गुरुजींना किंवा विश्वस्तांना विचारा, आणि सकाळची आरती आटोपल्यावर जा. मंगळवारी किंवा संकष्टीला गणपतीच्या देवळात पाटीसमोर उभं राहायलाही जागा मिळत नाही.

पहिला फोटो पूर्ण पाटीचा घ्या. फोन पाटीच्या बरोबर मध्यासमोर आणि पाटीला समांतर धरा. खालून वर धरलेल्या फोनमध्ये वरच्या ओळी आकसतात, आणि मग अक्षरांची रुंदी मोजता येत नाही. ती आपल्याला पुढे मोजायची आहे. फ्लॅश बंद ठेवा, कारण समोरून पडलेला उजेड खाचेतली सावली पुसून टाकतो आणि संगमरवर नुसता चमकतो.

यानंतर टॉर्च. दुसऱ्या कुणाला तरी ती पाटीच्या कडेला, जवळजवळ दगडाला टेकवून धरायला सांगा. उजेड पृष्ठभागावरून घसरत गेला पाहिजे. डावीकडून उजेड टाकलात की उभ्या रेषा उठून दिसतात, म्हणजे काने आणि अक्षरांचे दांडे. वरून टाकलात की आडव्या रेषा दिसतात, म्हणजे शिरोरेषा आणि आकड्यांच्या आडव्या शेपट्या. उजेडाच्या दिशेने जाणाऱ्या खाचेत सावली पडत नाही, म्हणून एका बाजूच्या फोटोवर भागत नाही. डावीकडून, उजवीकडून आणि वरून असे तीन संच घ्या. प्रत्येक संचात दोन-दोन ओळींचे जवळचे फोटो असावेत, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली एक ओळ पुन्हा यावी. खालून उजेड टाकायचं शक्यतो टाळा. आपल्या डोळ्याला उजेड वरून येण्याची सवय असते, त्यामुळे खालून उजेड आला की कोरलेली अक्षरं उठावाची वाटायला लागतात आणि वाचताना गोंधळ होतो.

पाटीवर खडू फासू नका, पीठ चोळू नका, आणि शेंदराचे किंवा रंगाचे थर नखानेही खरवडू नका. अक्षर उठून दिसण्यासाठी केलेला हा उद्योग उरलेली खाच बुजवतो किंवा तिची कड मोडतो.

मूळ फोटो आहे तसा जपा. कातरणं, फिरवणं, उजळणं हे सगळं प्रतीवर करा. चॅटवरून पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखा पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, आणि त्यात सगळ्यात आधी बारीक रेषा जातात.

फाइल: दगडाची एक ओळ, फाइलची एक ओळ

साधी टेक्स्ट फाइल उघडा. सगळ्यात वर लिहा: पाटी कुठे आहे, कशावर कोरली आहे, फोटोची तारीख, एकूण किती ओळी. ओळी टाइप करायच्या आधी मोजा. हे सांगण्याचं कारण आहे. एका पाटीत लागोपाठच्या दोन ओळी ‘यांनी’ या शब्दावर संपत होत्या. माझी नजर पहिल्या ‘यांनी’वरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधली अख्खी ओळ गळली. वाचताना अर्थ लागत होता, म्हणून आठवडाभर ते लक्षातही आलं नाही. वर ‘एकूण ओळी ९’ असं लिहिलेलं असतं, तर शेवटी आठच आकडे पाहून तिथल्या तिथे कळलं असतं.

दगडावरची ओळ जिथे संपते, तिथे एंटर मारा. शब्द मध्येच तुटत असला तरी तिथेच. या पाटीत दुसरी ओळ ‘सम’वर संपते आणि तिसरी ‘स्त’ने सुरू होते. ‘समस्त’ हा शब्द एकत्र लिहायला हात शिवशिवतो, पण लिहायचा नाही. संयोगचिन्हाची आडवी रेघही घालायची नाही, कारण ती दगडावर नाही. उद्या कुणाला वाटेल की ती कोरलेलीच होती.

ओळींचा हा आग्रह नुसत्या नीटनेटकेपणासाठी नाही. ओळ ही आपली मोजपट्टी आहे. एका पूर्ण ओळीत किती अक्षरं मावतात हे कळलं, तरच तुटलेल्या ओळीतली किती गेली ते सांगता येतं. शब्द इकडेतिकडे हलवले की ही पट्टीच हातातून जाते.

प्रत्येक ओळीला आकडा द्या. फोनवर लांब ओळ आपोआप मुडपते आणि दोन ओळींसारखी दिसते. आकडा असला की खरी ओळ कोणती याबद्दल वाद राहत नाही. आकड्यापुढे कंस करा, म्हणजे तो पाटीवरच्या आकड्यांत मिसळणार नाही. विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं मात्र नकोत.

खुणा: कोणत्या आणि का

झिजलेल्या अक्षरांसाठी जगभर कंसांच्या खुणा वापरतात. युरोपातल्या ग्रीक-लॅटिन लेखांसाठी १९३१ साली लायडन इथे ठरलेली एक पद्धत आहे, आणि आपल्याकडच्या शिलालेखांच्या छापील वाचनांची थोडी वेगळी. दोन्हींत चौकोनी कंस आहे, पण अर्थ एकच नाही. लायडनच्या पद्धतीत साधा चौकोनी कंस म्हणजे दगडावरून पूर्ण गेलेलं आणि संपादकाने भरलेलं अक्षर. भारतीय वाचनांत संपादकाने भरलेल्या अक्षरापुढे त्याच कंसात तारका येते. म्हणून कोणतीही पद्धत घ्या, पण फाइलच्या माथ्यावर खुणांचा अर्थ लिहाच. मी आपल्याकडची रीत थोडी सोपी करून अशी वापरतो:

```
[क]    झिजलंय, पण उरलेल्या रेषांवरून वाचता येतं
[?]    रेषा दिसतात, पण अक्षर ठरत नाही
[.]    अक्षर गेलं; एक टिंब म्हणजे एक अक्षर
[---]  गेलं, पण किती अक्षरं ते सांगता येत नाही
[क*]   पूर्ण गेलं; संदर्भावरून मी भरलं
```

पहिली आणि शेवटची खूण यांतला फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे. पहिलीत पुरावा दगडावर आहे, शेवटचीत तो माझ्या डोक्यात आहे.

लायडनच्या पद्धतीत शंकास्पद अक्षराखाली टिंब देतात. देवनागरीत ते करू नका. खालचं टिंब नुक्त्यासारखं दिसतं, आणि ‘ज’खाली टिंब पाहिलं की वाचणारा ‘ज़’ वाचून मोकळा होतो. शिवाय बऱ्याच फॉन्टांत ते टिंब उकारावर चढतं.

दुसरी अडचण टाइप करायला बसल्यावरच कळते. देवनागरीत कंस अक्षराच्या पोटात घालता येत नाही. समजा ‘क’ स्पष्ट आहे आणि फक्त वेलांटी पुसट आहे. वेलांटीपुरता कंस करायला गेलात की पडद्यावर टिंबांचं एक वर्तुळ उमटतं आणि त्यावर वेलांटी लटकते. संगणकाच्या लेखी वेलांटीला टेकायला व्यंजन लागतं, आणि कंस हे व्यंजन नव्हे. म्हणून नियम असा ठेवा: अक्षराचा कुठलाही भाग शंकेचा असला तरी कंस पूर्ण अक्षराला, आणि नेमकं काय पुसट आहे ते खाली टिपेत. जोडाक्षराचंही तेच. ‘त्स’मधला ‘त्’ झिजला असेल तरी [त्स] लिहा आणि टिपेत सांगा.

शंकेचा भाग दोन ओळींत पसरला असेल तर ओळीच्या शेवटी कंस बंद करा आणि पुढच्या ओळीत नवा उघडा.

तारकेबद्दल एक सूचना. मजकूर चॅटमध्ये चिकटवला आणि एकाच ओळीत दोन तारका आल्या, तर मधला भाग ठळक होऊन तारका गायब होऊ शकतात. तारका गेली की माझा अंदाज दगडाच्या नावावर जमा होतो. पाठवायची ती फाइल पाठवा.

पहिला हात: अर्थ न लावता

आता टाइप करायला बसू. पहिल्या फेरीत अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही, फक्त जे दिसतं ते लिहायचं. फोनच्या कीबोर्डवरचं आपोआप दुरुस्त करणं आधी बंद करा. पाटीवर ‘देउळ’ आहे, ऱ्हस्व उ आहे. कीबोर्ड त्याचं हसत हसत ‘देऊळ’ करतो. ‘हें’, ‘मंडळीनें’, ‘बांधिलें’ यांवरचे अनुस्वारही तो खातो. हे अनुस्वार चुका नाहीत. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, त्याआधी ते लिहिण्याची रीतच होती. पाटी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची असेल तर ते असायलाच हवेत. एखादा दिसला नाही, तर तो कोरलाच नव्हता की बुजलाय, हे तिरक्या उजेडाच्या फोटोत पाहा.

दंडही नीट टाइप करा. देवनागरीचा दुहेरी दंड ‘॥’ हे एकच चिन्ह आहे. कीबोर्डवरच्या उभ्या दोन रेघा ओढून दिसायला तसंच जमतं, पण मग शोधताना ‘शु॥’ सापडत नाही. इथला दंड संक्षेपाचा आहे, ‘शु॥’ म्हणजे शुद्ध, शुक्ल पक्ष. तो सोडवून ‘शुद्ध’ असं लिहायचं नाही, निदान या प्रतीत तरी नाही.

अक्षराचं वळण मात्र टाइप करता येत नाही आणि करायचंही नाही. जुन्या वळणाचा ‘अ’ किंवा ‘झ’ पाटीवर वेगळा दिसला तरी संगणकात तो तोच ‘अ’, तोच ‘झ’. फरक फॉन्टचा आहे. वळण नोंदवायचं असेल तर टिपेत लिहा, फोटो तर सोबत आहेच.

रंगवलेल्या पाटीत रंग वाचायचा नाही, खाच वाचायची. रंग खाचेच्या बाहेर गेलेला असतो, किंवा खाच असूनही रंग भरलेला नसतो. मुंबईत शिसं भरलेल्या अक्षरांच्याही संगमरवरी पाट्या आहेत. त्यांतलं शिसं गळून पडलं की ते धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक भोकं उघडी पडतात. असं भोक शिरोरेषेजवळ आलं की अनुस्वाराचा भास होतो. तेच भोक अक्षराच्या दांड्यातही दिसतं का ते पाहा. दिसत असेल तर तो अनुस्वार नव्हे.

आमच्या पाटीला दोन जखमा आहेत. उजव्या कडेचा टवका चौथ्या ओळीपासून खाली उडालाय. आणि तिसऱ्या ओळीत ‘र’च्या पायाशी खिळ्याचं भोक आहे, बहुधा दिव्यांची माळ लावताना पडलेलं. पाचव्या ओळीतला आकडा झिजलाय ते वेगळंच. पहिल्या हातानंतर फाइल अशी होती:

```
१) ॥ श्रीगजाननप्रसन्न ॥
२) हें देउळ वाडींतील सम
३) स्त मंडळीनें वर्गणी क[रू]न
४) बांधिलें व श्रीची स्थाप[.]
५) केली शके १८१[?] वि[?][.]
६) नाम संवत्सरे वैशाख शु॥ [---]
```

तिसऱ्या ओळीतला [रू] पाहा. भोकाने उकाराचा मधला भाग नेलाय, पण त्याचं टोक उजवीकडे वर वळलेलं दिसतं. तेवढ्यावर दीर्घ उकार धरला आणि कंस घातला. व्याकरणाने ‘करून’ दीर्घच, म्हणून कंसाशिवाय लिहायला हरकत नाही असं वाटेल. पण याच पाटीत कोरणाऱ्याने ‘देउळ’ ऱ्हस्व कोरलंय. त्याने इथे काय केलं असेल ते व्याकरण सांगू शकत नाही.

चौथ्या ओळीत एकच टिंब का? दुसरी ओळ पूर्ण आहे, तिच्यात दहा अक्षरं आहेत. तिसरीत अकरा आहेत. चौथीत टवक्यापर्यंत आठ अक्षरं दिसतात. पण अक्षरं सारख्या रुंदीची नसतात. ‘स्था’ रुंद आणि ‘व’ अरुंद. म्हणून नुसती संख्या पुरत नाही. पूर्ण पाटीच्या सरळ फोटोवर उजव्या कडेची उभी रेघ मनात ओढा, आणि ‘प’पासून त्या रेघेपर्यंतची जागा त्याच ओळीतल्या अक्षरांशी ताडून पाहा. इथे एका काना असलेल्या अक्षराची जागा होती, दोन मावत नव्हती.

दुसरा हात: साल शोधणं

आता अर्थ लावायची मुभा आहे. चौथी ओळ सोपी: ‘स्थाप’ आणि पुढच्या ओळीत ‘केली’. मध्ये ‘ना’ सोडून दुसरं काही बसत नाही आणि जागाही तेवढीच. म्हणून [ना*]. तारका हवीच, कारण दगडावर त्या अक्षराचा कणही नाही.

पाचवी ओळ वेळ घेते. रंगाने १८११ म्हटलंय. डावीकडच्या उजेडात शेवटच्या आकड्याची वरची गोलाई दिसते, ती १ची असू शकते आणि २चीही. वरून टाकलेल्या उजेडात मात्र पायाशी उजवीकडे जाणारी एक उथळ शेपटी दिसली. तिच्यात रंग नव्हता. एकट्या त्या शेपटीवर साल ठरवणं मला पटेना, कारण ती ओरखडाही असू शकते.

अशा वेळी संवत्सराचं नाव उपयोगी पडतं. आपल्याकडे शकाच्या प्रत्येक वर्षाला साठ नावांच्या चक्रातलं एक नाव असतं, आणि साल आणि नाव एकमेकांची साक्ष देतात. हिशेब सोपा आहे. शकात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी उरेल त्या क्रमांकाचं संवत्सर. बाकी शून्य आली तर साठावं, म्हणजे क्षय. ताळा पाहायचा असेल तर शके १९०९ घ्या: १९२१ला ६०ने भागून बाकी १, म्हणजे प्रभव, चक्रातलं पहिलं. शके १९४६ला बाकी ३८ येते, आणि ते क्रोधी संवत्सर होतं. साठ नावांची यादी कुठल्याही पंचांगात मिळते.

पाटीवर १८१ एवढं पक्कं आहे, म्हणजे साल १८१० ते १८१९ यांतलं. या दहा वर्षांत ‘वि’ने सुरू होणारी नावं तीन: शके १८११ विरोधी, १८१२ विकृति आणि १८१५ विजय. ५चा आकार उरलेल्या गोलाईशी जुळत नाही, म्हणून विजय बाजूला. राहिली दोन.

इथे सावध राहावं लागतं. रंगवलेलं १८११ आणि ‘विरोधी’ यांची जोडी अगदी चपखल बसते. ज्याला रंग पटलाय तो हिशेब करेल, विरोधी येईल, आणि साल सिद्ध झालं असं समजून पुढे जाईल. पण हिशेब दोन्ही जोड्यांना सारखाच पाठिंबा देतो. निकाल ‘वि’नंतरच्या अक्षरावर आहे.

ते अक्षर ‘रो’ असेल तर त्याच्या उजवीकडे काना हवा आणि शिरोरेषेच्या वर मात्रा हवी. ‘कृ’ असेल तर मधला दांडा, त्याच्या दोन्ही बाजूंना गोलाई आणि पायाशी ऋकाराचा आकडा हवा. मी तिन्ही संचांतले त्या जागेचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. डावीकडच्या उजेडात दांडा होता आणि त्याच्या उजवीकडे एक आखूड वळण होतं, जे ‘र’ला कधीच नसतं. शिरोरेषेच्या वरचा दगड तिथे शाबूत आणि गुळगुळीत होता, म्हणजे मात्रा कधी कोरलीच नव्हती. पायाशी मात्र टवक्याची कड आल्याने ऋकाराचा अर्धाच भाग उरलाय. एवढ्यावर [कृ] लिहायला मी तयार झालो. मग विकृति, मग शके १८१२, आणि मग ती रंग नसलेली शेपटी ओरखडा नसून २चीच.

```
५) केली शके १८१[२] वि[कृ][ति*]
```

तीन कंस आहेत आणि तिघांचा अर्थ एक नाही. २ आणि कृ यांचे अवशेष दगडावर आहेत, म्हणून साधे कंस. ‘ति’ पूर्ण टवक्यात गेला, म्हणून तारका. रंगवलेलं १ या ओळीत कुठेच येत नाही, पण ते लपवायचंही नाही. टिपेत लिहा: ‘ओळ ५: नंतर भरलेल्या रंगात १८११ दिसतं, खाच २ची.’ नाहीतर उद्या कुणी पाटीसमोर उभं राहून तुमचीच चूक काढेल.

इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा: १८९०. वैशाख असल्याने प्रश्न नाही. महिना माघ-फाल्गुन असता तर इसवी सन बदललेला असतो, आणि ७९ मिळवावे लागतात. मार्गशीर्षाच्या शेवटी किंवा पौषात एक जानेवारी येते, तिथे तिथी पाहावी लागते. हे रूपांतर टिपेत जातं, मजकुरात नाही.

संवत्सराचा हा हिशेब आपल्या शकाच्या पाट्यांसाठी आहे. भुलेश्वर, वाळकेश्वर भागात विक्रम संवताच्या गुजराती किंवा हिंदी पाट्या भेटतात. उत्तरेकडे संवत्सराची नावं तीच असली तरी चक्र वेगळं चालतं, त्यामुळे वरचा हिशेब तिथे लावू नका. तसंच पाटी नसून जुना शिलालेख असेल, शिलाहारांच्या किंवा यादवांच्या काळातला, तर स्वतः वाचायला जाऊ नका. त्यात पडिमात्रा असते, म्हणजे ‘के’ची मात्रा अक्षराच्या आधी उभ्या रेघेसारखी येते, आणि नवशिक्याला ती मागच्या अक्षराचा काना वाटते. अशा दगडाचे तिरक्या उजेडातले चांगले फोटो काढा, ओळी मोजा, वर सूर्यचंद्र किंवा खाली गाढवाचं चित्र असेल तर त्याची जागा नोंदवा, आणि वाचन जाणकाराकडे सोपवा.

तपासणी

टाइप करून झालं की एक दिवस जाऊ द्या. मग खालच्या ओळीपासून वर या, आणि प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे, अक्षर अक्षर करत ताडा. असं वाचलं की शब्द तयार होत नाहीत आणि डोकं मधल्या जागा भरत नाही. ‘संवत्सरे’मधला अनुस्वार मी याच फेरीत दोनदा पकडलाय.

शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला फक्त फोटो द्या, तुमची फाइल नको. तुमचं वाचन आधी पाहिलं की त्यालाही तेच दिसू लागतं. त्याने कंसातली अक्षरं स्वतंत्रपणे वाचावी, आणि जिथे फरक पडेल तिथे दोन्ही वाचनं टिपेत द्यावी.

सलग वाचण्यासाठी दुसरी प्रत करायला हरकत नाही. तिच्यात तुटलेले शब्द जोडा, ‘शु॥’ सोडवून ‘शुद्ध’ लिहा, हवं तर आजच्या शुद्धलेखनात आणा. पण ती वेगळी फाइल, आणि तिच्या माथ्यावर ‘वाचनप्रत’ असं लिहिलेलं. पहिलीला हात लावायचा नाही.

शेवटचा मजकूर असा उभा राहिला:

```
१) ॥ श्रीगजाननप्रसन्न ॥
२) हें देउळ वाडींतील सम
३) स्त मंडळीनें वर्गणी क[रू]न
४) बांधिलें व श्रीची स्थाप[ना*]
५) केली शके १८१[२] वि[कृ][ति*]
६) नाम संवत्सरे वैशाख शु॥ [---]
```

सहाव्या ओळीतली तिथी तशीच राहिली आहे. टवक्यापलीकडे एका आकड्याची जागा आहे, आकडे बारीक असतील तर दोनही मावतील. मी फोटो घेत असताना वाडीतल्या एक आजी येऊन शेजारी उभ्या राहिल्या. “तृतीया आहे ती,” त्या म्हणाल्या. “अक्षय्य तृतीयेला स्थापना झाली, आमच्या सासूबाई सांगायच्या. दरवर्षी त्या दिवशी इथे अभिषेक असतो.”

“आजी, तुम्ही सांगता ते मी लिहून घेतो,” मी म्हणालो, “पण पाटीच्या ओळीत नाही घालत. तिथे दगडावर काहीच उरलं नाहीये.”

“मग कुठे लिहिशील?”

टिपेत लिहिलं: ‘ओळ ६: तिथीचा आकडा (एक किंवा दोन) टवक्यात गेला आहे. वाडीतल्या रहिवाशांच्या सांगण्यानुसार स्थापना अक्षय्य तृतीयेची; त्या दिवशी वार्षिक अभिषेक होतो. दगडावर पुरावा नाही.’ सोबत आजींनी हे सांगितलं त्या दिवसाची तारीख घातली.